गोळ्यांची वही : प्रॉम्प्ट लिहितानाच्या नोंदी

२१ जुलै, सोमवार

प्रोजेक्टचा गट ठरला, विषय मिळाला. ब्रीफवर फक्त 'घरातलं औषध' एवढंच छापलंय. त्यातून आम्ही चौघांनी घेतलेला तुकडा असा: साठीच्या पुढची, रोज तीन-चार किंवा जास्त गोळ्या घेणारी माणसं घरात त्यांचा हिशेब कसा ठेवतात. सेमिस्टरच्या शेवटी काहीतरी करून दाखवायचंय, डबा म्हणा, लेबल म्हणा. पण सरांनी बजावलंय, की पहिल्या टप्प्यात डब्याचं चित्रसुद्धा काढायचं नाही.

मुलाखती घेऊ, असं बाकी तिघांचं म्हणणं होतं. मी अडून बसले. आपल्यासारखी कॉलेजची पोरं वही उघडून समोर बसली की 'गोळ्या वेळेवर घेता ना?' याला 'हो, अगदी' सोडून दुसरं उत्तर येणार नाही. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. पाहुण्यांसमोर कोणी आपलं विसरणं काढून दाखवत नाही, आणि गेल्या मंगळवारची दुपारची गोळी घेतली की नाही, हे तसंही कोणाला आठवत नाही.

म्हणून वही आणि कार्डांचं पाकीट द्यायचं ठरलं. वर्गात आपण कल्चरल प्रोब शिकलो तो प्रकार. १९९९ मध्ये बिल गेव्हर, टोनी डन आणि एलेना पाचेन्ती यांनी ही पद्धत मांडली. ऑस्लो, ॲमस्टरडॅम आणि इटलीतल्या पेचोली या गावातल्या वयस्कर मंडळींना त्यांनी पोस्टकार्डं, नकाशे, एकदा वापरून टाकायचा कॅमेरा असं पाकीट दिलं आणि जमेल तसं भरून परत पाठवा म्हणाले. त्यांना त्यातून आकडे काढायचे नव्हते, कल्पना सुचायला हव्या होत्या. आम्हाला थोडंफार मोजायचंही आहे, म्हणजे आमचं पाकीट अर्धं प्रोब आणि अर्धी रोजनिशी. असं कडबोळं चालेल का, असं सरांना विचारलं. ते म्हणाले, चालेल, पण कुठलं कार्ड कशासाठी आहे ते तुम्हाला माहीत पाहिजे.

आणखी एक अट आहे. पाकिटातले प्रॉम्प्ट, म्हणजे कार्डांवरचे प्रश्न आणि सूचना, लोकांच्या हातात पडण्याआधी दुसऱ्या गटातल्या एकाने तपासलेले हवेत. मी मृणालला पाठवणार. ती गोड बोलत नाही, म्हणून.

२३ जुलै, बुधवार

काल रात्री चौघांनी मिळून सहा प्रॉम्प्ट लिहिले. आज मृणालला पाठवलेला मेसेज इथे जसाच्या तसा ठेवते. नंतर 'आपण तिला नक्की काय विचारलं होतं' यावरून वाद नको.

'मृणाल, आमच्या पाकिटातले प्रॉम्प्ट पाठवतेय. वाचायला दहा मिनिटं लागतील, उत्तर द्यायला जास्त लागतील, त्याबद्दल वैशाली हॉटेलात खाणं माझ्याकडून.

आधी संदर्भ. भरणारी माणसं चार, सगळी पासष्ट ते ऐंशीमधली. दोघं पेठेत राहतात, एक काकू कोथरूडला, एक काका हडपसरला. मराठी सगळ्यांना वाचता येतं, व्हॉट्सॲप तिघांकडे आहे. पाकीट आठवडाभर त्यांच्याकडे राहील. आम्हाला दोनच गोष्टी कळायला हव्यात: गोळी घेतल्याची खूणगाठ ते कशी बांधतात, आणि ती कुठे सुटते.

१. (रोज सकाळी ९ वाजता व्हॉट्सॲपवर) आज सकाळच्या गोळ्या वेळेवर घेतल्या का?
२. गोळ्या सांभाळताना तुम्हाला कोणत्या अडचणी येतात?
३. गोळ्यांच्या डब्याचा एक फोटो काढून पाठवा.
४. तुमची एखादी गोळी माणूस असती तर कशी असती? पोस्टकार्डावर दोन ओळी लिहा.
५. गोळ्या ओळखायला आणि त्यांची मुदत वाचायला त्रास होतो का?
६. गोळ्यांचा डबा कसा असावा असं तुम्हाला वाटतं?

माझी शंका १ आणि ६ बद्दल आहे, पण नक्की काय खटकतंय ते शब्दांत पकडता येत नाहीये. ४ वर आमच्यात भांडण आहे: मला हवाय, दोघांना बालिश वाटतो. शुद्धलेखन आणि फाँट बघू नकोस, ते आम्ही करू. तू फक्त एवढं कर: तुझी आजी हे कार्ड हातात घेऊन बसलीये असं समज आणि ती काय लिहील ते लिही. त्यातून आम्हाला हवं ते कळणार नसेल तर तसं सांग. शुक्रवारपर्यंत जमेल?'

'कसं वाटलं ते सांग' असं मुद्दामच लिहिलं नाही. गेल्या सेमिस्टरला तसं विचारलेल्या सगळ्यांकडून 'मस्त आहे गं' एवढंच परत आलं होतं.

२५ जुलै, शुक्रवार

आज श्रावण लागला. मृणाल कागदाच्या प्रिंटवर पेन्सिलने लिहून घेऊन आली आणि कँटीनमध्ये तासभर बसली. (वैशाली बाकी आहे.)

तिचा सगळा रोख पहिल्या प्रॉम्प्टवर होता. तिने फक्त एक गोष्ट विचारली: 'नऊ वाजता तुमचा मेसेज आला आणि आजीने गोळी घेतली नसेल, तर ती काय करेल?' उठून घेईल, आणि मग 'हो' लिहील. म्हणजे आम्ही विचारतोय असं आम्हाला वाटतंय, पण प्रत्यक्षात आम्ही रोज सकाळी गजर लावतोय. आठवडाभराने आमच्या हातात सात 'हो' येतील आणि ते आमच्या गजराचे असतील, तिच्या सवयीचे नाहीत. विसरण्याचाच अभ्यास करायचा आणि विसरूच द्यायचं नाही, असा तो प्रकार झाला असता. मला खटकत होतं ते हेच. शिवाय ती म्हणाली तेही खरं, की सकाळी नऊला आजी लोकांच्या व्हॉट्सॲपवर शुभ प्रभातची फुलं इतकी साचलेली असतात, की आमचा मेसेज त्याखालून काढायचा म्हणजे कामच.

दुसरा तिने सरळ खोडला. अडचणी येतात हे आम्हीच गृहीत धरलंय. ज्याला काही अडचण नाही तोही बिचारा आम्हाला बरं वाटावं म्हणून एखादी शोधून काढेल. आणि ज्याला खरी अडचण आहे त्याने ती इतकी अंगवळणी पाडून घेतलेली असते, की त्याला ती अडचण वाटतच नाही. तिच्या आजीने थायरॉईडच्या गोळीची बाटली टूथब्रशच्या भांड्यात ठेवलीये. ती गोळी उपाशीपोटी घ्यायची असते, म्हणून दात घासायला गेलं की आधी तीच हाताला लागते. आजीला विचारलं तर ती म्हणेल, 'मला कसली अडचण?' पण आम्हाला हवंय ते नेमकं त्या भांड्यात आहे.

पाचव्यात दोन प्रश्न एकाला एक चिकटलेत. ओळखता येते, मुदत वाचता येत नाही, अशा माणसाने काय लिहायचं? त्याने 'थोडा' लिहिलं तर तो कशाचा थोडा? सहाव्याबद्दल ती म्हणाली, 'आपलं काम त्यांच्या गळ्यात का घालताय? सगळे मोठा, कप्प्यांचा आणि घट्ट झाकणाचा लिहितील. तुळशीबागेत तो मिळतो, घेऊन या आणि सबमिट करा.'

तिसऱ्याबद्दल एक वेगळाच मुद्दा काढला, जो आमच्यातल्या कोणाच्याच डोक्यात नव्हता. गोळ्यांचा फोटो म्हणजे आजारांची यादी. स्ट्रिपवरचं नाव वाचून कोणीही सांगेल, कोणाला मधुमेह आहे आणि कोणाची झोपेची गोळी चालू आहे. ते फोटो आमच्या चौघांच्या फोनमध्ये, गटाच्या ड्राइव्हवर, शेवटी प्रेझेंटेशनच्या स्लाइडवर जाणार. नुसतं 'फोटो पाठवा' म्हणून चालणार नाही. तो कोण बघणार ते आधी सांगायला हवं आणि नाव झाकायचा मार्ग द्यायला हवा.

चौथा काढून टाक म्हणाली. इथे मात्र मी तिचं ऐकणार नाहीये. तिचं म्हणणं, त्यातून मोजण्यासारखं काही येत नाही. बरोबरच आहे. पण तो मोजण्यासाठी नाहीच.

२८ जुलै, सोमवार

दिवसभर पुन्हा लिहिणं. आमच्यातला एक श्रावणी सोमवार करतो, त्यामुळे साबुदाणा वडा आणि बाकीच्यांना भूक, या वातावरणात काम झालं.

गजराची अडचण सोडवायला निम्मा दिवस गेला. पहिली कल्पना अशी, की मेसेज सकाळऐवजी रात्री पाठवायचा. त्याने सकाळची गोळी वाचते, पण रात्रीच्या गोळीचा गजर होतोच, आणि रात्री नऊला सकाळचं आठवून लिहायचं म्हणजे परत मुलाखतीतलाच घोळ. मग प्रश्न उलटा केला. गोळी घेण्याआधी माणसाला दिसणारच नाही, अशा जागी प्रॉम्प्ट ठेवता येईल का? डब्याच्या आत! डबा उघडला म्हणजे गोळी घ्यायचं आठवलेलंच आहे. तिथे कार्ड दिसलं तर ते आठवण करून देत नाही, नुसती नोंद मागतं. म्हणून व्हॉट्सॲप रद्द. डब्यात किंवा गोळ्या जिथे असतील तिथे ठेवायचं छोटं कार्ड, त्यावर फक्त: 'आत्ता किती वाजलेत? आत्ता याआधी तुम्ही काय करत होतात?'

दुसऱ्या वाक्यासाठी मी हट्ट धरला. घड्याळ बघून गोळी घेणारे थोडेच. चहा झाला, पूजा झाली, मालिका संपली, अशा कशाच्या तरी शेपटाला ती बांधलेली असते. ही गाठ 'तुम्ही कसं लक्षात ठेवता?' असं विचारून मिळत नाही. 'आत्ता याआधी काय करत होतात' याने ती आपोआप कागदावर येते.

या कार्डाचा दोषही लगेच दिसला. जी गोळी घेतलीच नाही तिची नोंद यात येणार नाही, कारण डबाच उघडला गेला नाही. त्यासाठी दोन गोष्टी ठरवल्या. एक म्हणजे पाकीट देताना एका स्ट्रिपमधल्या शिल्लक गोळ्या त्यांच्यासमोर मोजायच्या आणि परत घेताना पुन्हा मोजायच्या. दुसरी म्हणजे आठवडा संपल्यावर, आधी मुळीच नाही, एक मोकळा प्रश्न: 'या आठवड्यात एखादी गोळी राहून गेली असेल तर त्या दिवशी घरात काय चाललं होतं?' यात विसरलात का, का विसरलात, असं काही नाही. दोष माणसाकडे जात नाही, त्या दिवसाकडे जातो. 'असेल तर' हे दोन शब्द ठेवायचे की नाही यावर पाऊण तास वाद झाला. ठेवले. नाहीतर पुन्हा दुसऱ्या प्रॉम्प्टसारखं आम्हीच गृहीत धरल्यासारखं होतं.

पाचवा तोडला, आणि विचारायच्या ऐवजी करून दाखवायला सांगितला: 'तुमच्या घरातली कापलेली एक स्ट्रिप घ्या. त्यावरची मुदत वाचा आणि इथे लिहा. सापडली नाही तर तसं लिहा.' त्रास होतो का, यावर कोणीही 'छे' म्हणू शकतं. रिकाम्या चौकटीला तसं म्हणता येत नाही.

सहावा गेला. तिसऱ्यासोबत चिकटपट्टीचा छोटा तुकडा द्यायचा: 'नाव दाखवायचं नसेल तर यानं झाका. फोटो आम्ही चौघं आणि आमचे सर बघतील, प्रेझेंटेशनमध्ये वापरायचा झाला तर आधी तुम्हाला विचारू.'

३० जुलै, बुधवार

वाटायच्या आधी एकीवर करून बघितलं: आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू. त्यांना फक्त कार्डं दिली आणि मी शेजारी गप्प बसले. गप्प बसणं अवघड असतं. त्या अडल्या की समजावून सांगायची इतकी ऊर्मी येते, पण आम्ही सोबत नसताना त्या जिथे अडतील तेच तर बघायचं होतं.

अडल्या त्या मुदतीच्या कार्डावर, आणि प्रॉम्प्टमुळे नव्हे. त्यांच्याकडे सहा गोळ्यांचा कापलेला तुकडा होता. दहाच्या स्ट्रिपमधून मेडिकलवाल्याने कात्रीने कापून दिलेला. बॅच आणि मुदत बहुतेक स्ट्रिपवर एका टोकालाच छापलेली असते, आणि ते टोक दुकानातच राहिलं होतं. काकूंनी तुकडा उलटासुलटा केला, चष्मा बदलला, खिडकीपाशी गेल्या, नखाने चकाकणारा कागद खरवडून बघितला. शेवटी चौकटीत लिहिलं, 'दिसत नाही, डोळे गेले.' मी तुकडा हातात घेतला. डोळ्यांचा काही संबंध नव्हता, तिथे काही छापलेलंच नव्हतं. मूळ प्रॉम्प्ट असता तर हे 'हो, त्रास होतो' म्हणून आलं असतं आणि आम्ही मोठ्या अक्षरांचं लेबल करत बसलो असतो.

त्यावरून कार्डाला एक ओळ जोडली: 'तुकड्याभोवती पेन्सिल फिरवून त्याचा आकार इथे काढा.' कुठून कापलंय ते त्यावरून कळेल.

१ ऑगस्ट, शुक्रवार

कार्डं अप्पा बळवंत चौकात छापून आणली. अक्षर सोळा पॉइंट, जाड कार्डशीट, डब्यातलं कार्ड हाताच्या पंज्यापेक्षा लहान. प्रत्येक पाकिटात एक पेन घातलं, पेन शोधण्यात उत्तर हरवू नये म्हणून.

सरांनी प्रॉम्प्ट बघून एकच गोष्ट सांगितली, पण ती महत्त्वाची. कागदी रोजनिशी रोज भरली जाते यावर विश्वास ठेवू नका. आर्थर स्टोन आणि सहकाऱ्यांचा २००२ मधला अभ्यास त्यांनी सांगितला. दुखण्याच्या रुग्णांना कागदी रोजनिशी दिली होती आणि वहीच्या फाइलमध्ये प्रकाश टिपणारा सेन्सर लपवला होता, फाइल कधी उघडली ते कळायला. कागदावर बघावं तर ९० टक्के नोंदी वेळच्या वेळी केलेल्या. सेन्सरप्रमाणे खरोखर वेळेवर झालेल्या फक्त ११ टक्के. बाकीच्या त्या त्या वेळी भरलेल्याच नव्हत्या. आमच्याकडे सेन्सर नाही, पण मोजलेल्या गोळ्या आहेत. तो आमचा पडताळा.

सरांनी अजून एक बजावलं: औषधाबद्दल सल्ला द्यायचा नाही, 'ही घेतली नाही तरी चालते' किंवा 'घ्यायलाच हवी' यातलं काहीही बोलायचं नाही. काही गंभीर वाटलं तर त्यांनाच सांगायचं, की डॉक्टरांना विचारा.

२ ऑगस्ट, शनिवार

पाकिटं सकाळी वाटली. शिल्लक मोजण्यासाठी प्रत्येकाची दिवसातून दोनदा घ्यायची एकच गोळी निवडली आणि त्या गोळीच्या १४ वेगळ्या काढून ठेवल्या, सात दिवसांच्या. मोजताना हडपसरचे काका म्हणाले, 'परीक्षा आहे वाटतं!' त्यांना सांगितलं, परीक्षा आमची आहे, तुमची नाही. खरंच आहे ते.

१० ऑगस्ट, रविवार

पाकिटं परत आली. सगळं अजून वाचून झालेलं नाही, पण प्रॉम्प्टच्या दृष्टीने जे दिसलं ते लिहून ठेवते.

आधी पडताळा. पेठेतल्या आजींच्या डब्यातल्या कार्डावर ११ नोंदी, स्ट्रिपमध्ये शिल्लक ३. चौदातून अकरा गेले, तीन उरले, हिशेब जुळला. नोंदी वेगवेगळ्या पेनांनी, एक तर पेन्सिलने, एकीवर हळदीचा डाग. हे कार्ड खरं. उलट हडपसरच्या काकांच्या कार्डावर १४ च्या १४ नोंदी आणि स्ट्रिपमध्ये २ शिल्लक. शिवाय वेळा सगळ्या ८.०० आणि ८.३०, आणि अक्षर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच तिरकस चालीचं. शुक्रवारी रात्री बसून भरलंय, यात शंका नाही. काकांना याबद्दल काही बोललो नाही. त्यांचं कार्ड वेळांसाठी वापरायचं नाही, मुदतीचं आणि पोस्टकार्ड वापरायचं, असं ठरवलं.

'आत्ता याआधी काय करत होतात' याने अपेक्षेपेक्षा जास्त दिलं. आजींच्या अकरापैकी बहुतेक सकाळच्या नोंदींत 'दूध तापवलं' आहे. संध्याकाळच्या नोंदींत असं काही एक नाही: कधी 'फोन', कधी 'पाऊस बघत होते'. राहिलेल्या तीन गोळ्यांपैकी दोन संध्याकाळच्या. सकाळला गाठ आहे, संध्याकाळ मोकळी आहे, हे त्यांनी कुठेही न लिहिता कार्डावर दिसतं.

आठवड्याच्या शेवटच्या प्रश्नावर त्यांनी लिहिलंय: 'सोमवारी उपास. गोळी जेवणानंतरची. जेवण रात्री सोडलं, तेव्हा एक घेतली. दोन कशा घेणार?' श्रावण आमच्या डोक्यात असूनही उपासाचा प्रॉम्प्ट लिहायचं कोणाला सुचलं नव्हतं. तो मोकळ्या प्रश्नातून आला. 'का विसरलात?' असं विचारलं असतं तर हे आलंच नसतं, कारण ती गोळी त्या विसरल्या नव्हत्याच. त्यांनी विचार करून एक गोळी सोडली होती. सरांच्या नियमाप्रमाणे त्यांना एवढंच म्हटलं, की श्रावण अजून आहे, उपासाच्या दिवशी काय करायचं ते डॉक्टरांना फोन करून विचाराल का. त्या म्हणाल्या, 'एवढ्यासाठी कशाला फोन.' मग त्यांच्या सुनेसमोर पुन्हा विचारू का, यावर आमच्यात दोन मतं झाली. त्यांनी आमच्यावर विश्वास ठेवून लिहिलंय, ते आम्ही घरात फोडायचं नाही, असं ठरलं. आजींनाच दुसऱ्यांदा विचारलं. या वेळी 'बरं, विचारते' म्हणाल्या.

कोथरूडच्या काकूंनी डब्यातल्या कार्डाचा दोष आणखी एका बाजूने दाखवला. राखीला त्या आदल्या दिवशीच भावाकडे चिंचवडला गेल्या. गोळ्या एका जुन्या चष्म्याच्या घरात भरून नेल्या, कार्ड डब्यात घरीच राहिलं. शुक्रवारच्या नोंदी कोऱ्या, आणि शिल्लक मात्र शून्य. म्हणजे गोळ्या घेतल्या, नोंद नाही. काकांच्या नेमकं उलटं. आमचा प्रॉम्प्ट डब्याला चिकटवलेला, आणि गोळ्या डब्यात राहतातच असं नाही.

आणि आता चौथा, मृणालने काढ म्हटलेला. पेठेतल्या आजोबांनी पोस्टकार्डावर लिहिलंय: 'रक्तदाबाची गोळी म्हणजे वाड्यातला जुना भाडेकरू. राहतो, पण आहे की नाही ते कळत नाही. गुडघ्याची गोळी म्हणजे आमची मोलकरीण, न आल्याचं अर्ध्या तासात समजतं.' आम्ही वाचून हसलो, मग दोन मिनिटं गप्प झालो. रक्तदाब वाढला तरी बहुतेकदा काही जाणवत नाही, त्यामुळे गोळी राहिली तरी शरीर तक्रार करत नाही. दुखण्याच्या गोळीचं तसं नसतं. आठवण ठेवायला मदत लागते ती पहिल्या प्रकारच्या गोळीला. आणि आम्ही तर सगळ्या गोळ्यांना एकच डबा करायला निघालो होतो.

मृणालला फोटो पाठवला. उत्तर आलं: 'भाडेकरूसाठी माफ. पण मोजता येत नाही हे कायम.'

मुदतीचं कार्ड: चौघांपैकी तिघांच्या तुकड्यावर मुदत नव्हतीच. पेन्सिलने काढलेल्या आकारांत कात्रीची सरळ बाजू स्पष्ट दिसते. हडपसरच्या काकांनी मात्र अख्खी स्ट्रिप घेतली होती. टीप लिहिलीये, 'कापून दिलं तर मी घेतच नाही.' माणूस रोजनिशीत कच्चा, पण मेडिकलमध्ये पक्का.

चिकटपट्टी फक्त आजोबांनी वापरली, चारपैकी एका स्ट्रिपवर. ती कसली गोळी आहे याचा अंदाज लावायचा नाही, असं गटात सांगून टाकलं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

दुसऱ्या फेरीत आता संध्याकाळची गोळी आणि बाहेर नेलेल्या गोळ्या, एवढंच. रात्री मृणालला नवीन मेसेज पाठवला:

'दोनच आहेत या वेळी. एक, गोळी ज्यात भरून बाहेर नेता त्या वस्तूवर बांधायचा टॅग: "आत्ता कुठे आहात? पाणी कोणाकडून घेतलं?" दोन, संध्याकाळसाठी कोरं पान, तासांच्या रेघा मारलेलं, त्यावर फक्त: "काल संध्याकाळी ५ ते रात्री १० घरात काय काय झालं ते भरा." त्यात गोळीचा उल्लेखच नाही, मुद्दाम. आणि कालचं विचारलंय, आजचं नाही, म्हणजे आजच्या गोळीचा गजर होत नाही. मला विचारायचंय ते असं: गोळीचं नाव न काढता आम्हाला गाठ बांधायची जागा सापडेल का, की सगळे टीव्हीच लिहितील?'

तिचं उत्तर झोपायच्या आधी आलं: 'सगळे टीव्हीच लिहितील. म्हणून "टीव्हीवर काय" असा रकाना आधीच छापा, म्हणजे तो विषय संपेल आणि बाकीचं लिहायला जागा उरेल. टॅगवरचं पाण्याचं छान आहे. पण "कोणाकडून" नको, "कुठून" कर. हॉटेलात असले तर कोणाकडून म्हणजे वेटरचं नाव लिहितील.'

दोन्ही बदल केले. छापायचं राहिलं. उद्या पंधरा ऑगस्ट, दुकान बंद. परवा दहीहंडी, म्हणजे बाजीराव रस्त्याच्या बाजूला गाडी घालायची सोय नाही. सोमवारी सकाळी.